‘पैकी’ दिसले की ‘उर्वरित’ शोधावे

खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, गहाणखत, हक्कसोडपत्र हे सगळे दस्त. ते तयार करणाऱ्या मोठ्या वकिली कार्यालयांत मसुदा लिहिणारा एक असतो आणि नोंदणीला जाण्याआधी तो ओळीओळीने तपासणारा दुसरा. हा तपासणारा दुसऱ्या कामावर गेला की त्याच्या टेबलावर एखादा शिकाऊ येऊन बसतो, बहुधा कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. त्याच्यासाठी मागे चारपाच पानांची टिपणी ठेवली जाते. पक्षकारांच्या दस्तांत पुन्हापुन्हा कोणत्या चुका सापडतात, त्या कुठे दडलेल्या असतात आणि सापडल्यावर काय करायचे, एवढाच तिचा विषय. ऱ्हस्वदीर्घाबद्दल त्यात फारसे काही नसते. ‘मिळकत’मधली मि दीर्घ पडली म्हणून कोणाची जमीन जात नाही.

छापखान्यातला मुद्रितशोधक मूळ हस्तलिखित आणि छापील प्रत समोरासमोर ठेवतो. दस्त तपासणाऱ्यासमोर मूळ प्रत अशी एक नसतेच. सातबारा, फेरफार, आधीचा दस्त, आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेच्या पावत्या आणि पक्षकाराने तोंडी सांगितलेले, अशा सात ठिकाणांहून एकेक तपशील येतो आणि दस्तात तो दोनतीनदा लिहिला जातो. विकलेले क्षेत्र प्रास्ताविकात असते, मिळकतीच्या वर्णनात असते, ताब्याच्या कलमात असते आणि नोंदणीपूर्वी संगणकावर भरायच्या माहितीतही असते. एकच गोष्ट दोन जागी दोन तऱ्हांनी लिहिली गेली की चूक जन्मते. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली तिला पकडत नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी शुद्धच असतात.

टिपणीतली पहिली नोंद बहुतेक वेळा ‘देणार’ आणि ‘घेणार’ यांची असते. मराठी दस्तात विकणारा ‘लिहून देणार’ आणि विकत घेणारा ‘लिहून घेणार’. दोहोंत फरक एका अक्षराचा, आणि दहा पानांच्या दस्तात हे शब्द शंभरदा येतात. पहिल्या दोन पानांवर चूक क्वचितच होते, कारण तिथे मसुदा लिहिणाऱ्याचे लक्ष ताजे असते. चूक सापडते ती मागच्या कलमांत. मिळकतीवर कोणी हक्क सांगितल्यास त्याचे निवारण कोणी करायचे, मागची थकीत पट्टी कोणी भरायची, फेरफाराच्या वेळी सही-संमती कोणी द्यायची, ही ती कलमे. निवारणाची हमी द्यायची असते विकणाऱ्याने. ‘दे’चा ‘घे’ झाला तर तीच हमी विकत घेणाऱ्याने स्वतःलाच दिल्यासारखी होते, आणि वाक्य वाचताना मात्र कुठेही अडखळायला होत नाही.

म्हणून शिकाऊला सांगितले जाते की मागची कलमे वाचताना दोन्ही शब्दांच्या जागी प्रत्यक्ष नाव घालावे. ‘भविष्यात कोणीही हरकत घेतल्यास तिचे निवारण तुकाराम स्वखर्चाने करेल’ असे मनात म्हटले की तुकाराम विकणारा आहे की घेणारा, हे लगेच जागे होते. अनेकजण मिळून विकत असतील तर आणखी एक प्रकार होतो. लिहून देणार चार असतात आणि जुन्या दस्तावरून उचललेल्या मजकुरात ‘लिहून देणार याने’ असे एकवचन शिल्लक राहते. पैसे चौघांना मिळाले की एकालाच, हा वाद त्या ‘याने’तून निघू शकतो.

नावांबद्दल टिपणीचा सूर एकदम कडक होतो. नाव सुधारायचे नाही, उतरवायचे. सातबारावर ‘बाळू’ आहे आणि आधार कार्डावर ‘बाळासाहेब’, तर दस्तात ‘बाळासाहेब उर्फ बाळू’ असे दोन्ही यायला हवे. मराठी चांगले असलेल्या शिकाऊला हात आवरणे जड जाते. सातबारावरचे ‘विठल’ त्याला खुपते आणि तो ‘विठ्ठल’ करून मोकळा होतो. पण दस्ताची नोंदणी झाल्यावर खरेदीची वर्दी फेरफारासाठी तलाठ्याकडे जाते, तेव्हा दस्तातला विकणारा आणि सातबारावरचा खातेदार हे एकच असल्याचे कागदावरूनच पटावे लागते. नाव जुळले नाही तर नोंद अडते किंवा मंडळ अधिकारी ती नामंजूर करतो. सातबारावरचे नाव खरोखरच चुकलेले असेल तर ते दुरुस्त करण्याचा मार्ग महसूल खात्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. मसुद्यात बसल्याबसल्या केलेली सुधारणा तो मार्ग टाळते आणि नवी विसंगती तयार करते.

लग्नानंतर बदललेली नावे, वडिलांच्या जागी पतीचे नाव, आजोबांचे आणि नातवाचे नाव एकच असणे, यांचीही हीच गत. सातबारावर नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असे लिहिलेले दिसले तर तपासणाऱ्याने तिथे थांबावे. ज्याला ‘अज्ञान’ म्हटले आहे तो आज चाळिशीचा असू शकतो. मग सही त्याची स्वतःची हवी, आईची चालणार नाही. तो खरोखरच अल्पवयीन असेल तर प्रश्न मुद्रितशोधनाच्या पलीकडे जातो. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालकालाही अल्पवयीनाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अशा वेळी कागद वकिलाच्या टेबलावर परत जातो.

कुलमुखत्यारपत्राच्या आधारे सही होत असेल तेव्हा एक ठरावीक घोटाळा होतो. मालक परगावी असतो, सही त्याचा भाऊ करतो आणि दस्तात लिहून देणार म्हणून नाव पडते भावाचे. खरे तर लिहून देणार मालकच असतो. ‘अमुक, तर्फे कुलमुखत्यार तमुक’ असे पक्षकारांच्या नावांत, सहीच्या जागी आणि संगणकावरच्या माहितीत, तिन्हीकडे सारखे यावे लागते.

नावानंतर आकडे. गावचा सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांची सरमिसळ ही पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या दस्तांची नेहमीची कटकट आहे. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण झाले, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे १९५८ सालच्या खरेदीखतातली जमीन सर्व्हे नंबरने ओळखली जाते आणि आजच्या सातबारावर तीच गट नंबरने. मसुद्यात मागचा इतिहास सांगताना जुना नंबर आणि वर्णनात आजचा नंबर येणे बरोबरच आहे. चूक होते ती वर्णनाच्या परिच्छेदात ‘गट नं.’ या शब्दांपुढे सर्व्हे नंबरचा आकडा पडतो तेव्हा. तो आकडाही त्या गावात कुठल्या तरी गटाचा असतोच आणि तो गट भलत्याच माणसाचा असतो. कोकणात बऱ्याच ठिकाणी सर्व्हे नंबरासोबत हिस्सा नंबर चालतो, तिथे गळतो तो हिस्सा. शहरात सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका असते, तिथे जुना सर्व्हे नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर यांची अदलाबदल होते.

हस्तलिखित जुन्या दस्तांवरून आकडे उतरवताना आणखी एक सापळा आहे. मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी एक वळणदार काढला तर इंग्रजी नऊसारखा. ज्या दस्तलेखकाने एकाच पानावर दोन्ही लिप्या वापरल्या असतील त्याच्या हातचा ४१ हा नव्या डोळ्याला ८९ दिसू शकतो. यावर उपाय म्हणजे आकडा एकटा वाचू नये. त्याच वर्षाच्या फेरफारात किंवा सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यात तो पुन्हा सापडतो का, ते पाहावे.

नंबर चुकला म्हणजे सारे संपले असे नाही. बिहारमधल्या एका गहाणाच्या दाव्यात लिलावाच्या विक्रीपत्रात प्लॉट नंबर १०६० ऐवजी १६० पडला होता. एक शून्य गळले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६१ साली न्यायालयाने म्हटले की ही ओळखीची चूक नसून वर्णनाची चूक आहे. कारण खाते, क्षेत्र आणि चतुःसीमा १०६०शीच जुळत होत्या आणि त्या खात्यात १६० नंबरचा प्लॉटच नव्हता. शिकाऊने या निकालातून घ्यायचा धडा दिलाशाचा नाही. बाकीचे तीन तपशील बरोबर होते म्हणून चौथा वाचला. तेही चुकले असते तर जमीन ओळखायला काही उरले नसते. आणि गळलेल्या एका शून्यासाठी पक्षकारांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे वेगळेच.

क्षेत्राच्या बाबतीत सगळा घोळ एका ठिपक्याचा असतो. शेतजमिनीच्या सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहिले जाते. ‘०.६०.५०’ म्हणजे शून्य हेक्टर, साठ आर, पन्नास चौरस मीटर. शंभर चौरस मीटरचा एक आर आणि शंभर आरांचा एक हेक्टर. इथला ठिपका दशांशचिन्ह नाही, दोन एककांमधला तो आडोसा आहे. दशांशाची सवय असलेला माणूस ‘सहा आर’ हे ०.६ असे लिहितो आणि वाचणारा त्याचे साठ आर करतो. सहाशे चौरस मीटर आणि सहा हजार चौरस मीटर यांत फक्त एका शून्याच्या जागेचा फरक आहे. म्हणून प्रत्येक खणात दोन अंक हवेत, मोकळी जागा असेल तर शून्य हवे आणि पुढे अक्षरांत ‘साठ आर’ असे लिहायलाच हवे, असा या कामातला दंडक आहे. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र आर आणि चौरस मीटरमध्ये येते. तेव्हा तेच दोन खण वेगळ्या एककांत वाचावे लागतात.

पक्षकार मात्र एकर-गुंठ्यांत बोलतो. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. गुंठा आणि आर इतके जवळ आहेत की बोलताना दोन्ही एकच धरले जातात आणि एका गुंठ्यामागे सव्वा चौरस मीटरच्या आतबाहेर फरक राहतो. चाळीस गुंठ्यांत तो जवळपास अर्धा आर होतो. दस्तात दोन्ही मापे द्यायची असतील तर कोणते मूळ आणि कोणते ‘म्हणजेच सुमारे’ ते स्पष्ट हवे, आणि मूळ माप सातबाराचे हवे.

चतुःसीमा हा टिपणीचा सर्वांत लांब भाग असतो, कारण सर्वांत महागड्या चुका तिथे होतात आणि त्या पकडायला कागदाव्यतिरिक्त काही लागत नाही. नमुन्यादाखल एक मसुदा घेता येईल. गट नंबर २१४. सातबारावर एकूण क्षेत्र १.६२.०० आणि आकार ४ रुपये ८६ पैसे. मालक त्यातला पश्चिमेकडचा ०.६०.०० एवढा तुकडा आरी पन्नास हजार दराने, म्हणजे तीस लाखांना विकतो आहे. मसुदा लिहिणाऱ्याने मालकाचे जुने खरेदीखत समोर ठेवले आणि चतुःसीमा तिथून उचलल्या: पूर्वेस गट नंबर २१५, दक्षिणेस शिवरस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गट नंबर २१३.

चारही सीमा खऱ्या आहेत. पण त्या अख्ख्या गटाच्या आहेत. विकला जाणारा तुकडा पश्चिमेकडचा, म्हणजे त्याच्या पूर्वेला गट २१५ असूच शकत नाही. मध्ये मालकाची स्वतःची उरलेली १.०२.०० जमीन आहे. तेव्हा पूर्वेस ‘याच गटातील लिहून देणार यांचे उर्वरित क्षेत्र’ असे यायला हवे होते. आता हा दस्त नोंदला गेला तर त्यात दोन परस्परविरोधी गोष्टी राहतात. क्षेत्र सांगते साठ आर, सीमा सांगतात एक हेक्टर बासष्ट आर. क्षेत्र आणि चतुःसीमा यांत विरोध आला आणि सीमा निश्चित, जागेवर दाखवता येण्याजोग्या असल्या तर न्यायालयांचा कल साधारणपणे सीमांकडे झुकतो. ओढा आणि शिवरस्ता दाखवता येतो, साठ आर डोळ्यांना दिसत नाहीत. वीस वर्षांनी दोन्हीकडचे वारस उभे राहिले की विकत घेणाऱ्याचा नातू गट २१५च्या बांधापर्यंत हक्क सांगू शकतो. तो हरेलही कदाचित, कारण किंमत, दर आणि ‘पैकी’ हा शब्द त्याच्या विरुद्ध जातील. पण दावा उभा राहील आणि चालेल.

म्हणून वर्णनात ‘पैकी’ दिसले की तपासणाऱ्याची नजर चतुःसीमांत ‘उर्वरित’ शोधते. तुकडा एका कडेचा असेल तर ‘उर्वरित’ एकदा यायला हवे, कोपऱ्याचा असेल तर दोनदा, आणि मधला असेल तर दोनदा किंवा जास्त. एकदाही आले नाही तर सीमा जुन्या दस्तातून आल्या आहेत हे जवळजवळ नक्की. पुढची पडताळणी दिशांची. वर्णनात ‘पश्चिमेकडील’ लिहिले असेल तर ‘उर्वरित’ पूर्वेलाच यायला हवे, त्याच दिशेला आले तर कुठेतरी उलटापालट झाली आहे. शक्य असेल तिथे गटाच्या नकाशावर पेन्सिलीने तुकडा काढून पाहिला की दोन मिनिटांत उत्तर मिळते. नकाशावर उत्तर वर असते आणि जागेवर उभा राहून सीमा सांगणारा मालक उगवतीकडे तोंड करून बोलतो, त्यातून या उलटापालटी होतात.

आकारणीचाही इथे उपयोग होतो. गट २१४चा आकार एका आराला तीन पैसे पडतो, म्हणजे साठ आरांना १ रुपया ८० पैसे. मसुद्यात विकलेल्या तुकड्याचा आकार ४ रुपये ८६ पैसे लिहिला असेल तर वर्णन अख्ख्या गटावरून उचलल्याचा तो दुसरा पुरावा. रुपयात या आकड्याला काही किंमत नाही. तपासणाऱ्याला मात्र तो क्षेत्राचा साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो. पोटखराबा असेल तर हिशेब इतका सरळ राहत नाही, कारण आकारणी लागवडीच्या क्षेत्रावर असते. तेव्हा विकलेल्या साठ आरांत पोटखराबा किती धरला, हे मसुद्यात लिहिलेले आहे की नाही ते पाहावे.

चतुःसीमांत माणसांची नावे असतात तिथे ती जुनी झालेली असतात. ‘पूर्वेस अमुक यांची जमीन’ असे लिहिलेले अमुक गेल्याला तीस वर्षे झाली असतील. गट नंबर घालून पुढे नाव दिले तर सीमा टिकते, नुसत्या नावावर ती टिकत नाही.

पैशांच्या तपशिलाबद्दल टिपणी थोडक्यात आटोपते. बेरीज स्वतः करावी, एवढेच. विसाराचा चेक, मधला हप्ता, शेवटचा डिमांड ड्राफ्ट यांची बेरीज एकूण मोबदल्याइतकी होते का आणि अंकांतली रक्कम अक्षरांतल्या रकमेशी जुळते का, हे पाहायचे. सदनिकांच्या व्यवहारात बेरीज हमखास थोडी कमी भरते. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकत घेणाऱ्याला एक टक्का आयकर कापून सरकारला भरावा लागतो. बासष्ट लाखांच्या सदनिकेत ते बासष्ट हजार बँकेच्या पावत्यांत दिसत नाहीत, म्हणून भरण्याच्या तपशिलात त्यांची वेगळी ओळ हवी. ग्रामीण शेतजमिनीला ही कपात लागू नाही, आणि तरीही सदनिकेच्या नमुन्यावरून तयार केलेल्या शेतीच्या दस्तात ती ओळ अधूनमधून सापडते.

नमुन्यावरून दस्त तयार करणे चुकीचे नाही. सगळेच तसे करतात, आणि दर वेळी नव्याने लिहायला बसले तर वेगळ्या चुका होतील. पण जुन्या पक्षकाराच्या खुणा राहतात. शेताच्या दस्तात ‘सदर सदनिकेचा ताबा’ येतो, विधवा विक्रेतीच्या दस्तात ‘त्याने’ राहते, रिकाम्या जागेसाठी ठेवलेले टिंबटिंब तसेच छापले जाते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात जोडाक्षरे आणि रफार फुटतात, आणि ‘दुसऱ्या’ सारखे शब्द वाचवेनासे होतात. शब्द फुटला तर तो डोळ्याला दिसतो, त्याची फारशी भीती नसते. भीती टिंबटिंबाची. १९०८च्या नोंदणी कायद्याचे कलम २० सांगते की दस्तात ओळींमधले लिखाण, रिकाम्या जागा, खाडाखोड किंवा फेरबदल असतील आणि त्यावर दस्त करून देणाऱ्यांच्या सह्या किंवा आद्याक्षरे नसतील, तर नोंदणी अधिकारी तो दस्त स्वीकारायला नकार देऊ शकतो. ऐनवेळी पेनाने केलेली दुरुस्ती चालते, पण तिच्याजवळ सही हवी. लिहून देणारे चार असतील तर चौघांची.

तपासण्याच्या क्रमालाही टिपणीत जागा असते. आधी कागदपत्रे, मग मसुदा. आधी मसुदा वाचला तर डोळे त्यातलाच आकडा सातबारावर शोधू लागतात आणि सापडल्यासारखे वाटते. वर्णनाचा परिच्छेद दोघांनी मिळून तपासावा. एकाने सातबारा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मसुद्यावर पेन्सिल फिरवायची, आणि आकडे सुटे सुटे म्हणायचे: दोन, एक, चार. शेवटची दुरुस्ती झाल्यावर पुन्हा छापलेली प्रत नव्याने वाचावी, कारण एका कलमातली दुरुस्ती करताना दुसरे कलम हलल्याची उदाहरणे याच टिपणीत मागच्या पानावर असतात.

एक जागा नवख्यांच्या लक्षातच येत नाही. महाराष्ट्रात नोंदणीआधी दस्ताचा गोषवारा संकेतस्थळावर भरावा लागतो, ज्याला कार्यालयात सरसकट डेटा एन्ट्री म्हणतात. पक्षकारांची नावे, मिळकतीचा नंबर, क्षेत्र, मोबदला हे सारे त्यात असते आणि सूची क्रमांक दोन त्याच माहितीवरून निघते. दस्त निर्दोष आणि सूचीत गट नंबर २४१, असे होऊ शकते. पुढे बँक, शोध घेणारा वकील आणि तलाठी यांतला प्रत्येकजण आधी सूचीच पाहतो. तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे उमटवण्याआधी पक्षकारापुढे गोषवाऱ्याची छापील प्रत येते, ती वाचणे हेही तपासणाऱ्याचेच काम. मुद्रांक, ओळख आणि जोडपत्रे तिथे पाहिली जातात. ओढा खरेच पश्चिमेला आहे का, हे पाहायला तिथे कोणी बसलेले नसते.

नोंदणीनंतर चूक सापडली तर खोडून लिहिण्याचा मार्ग बंद होतो. मग चूक दुरुस्तीपत्र करावे लागते. तोही एक दस्तच असतो, त्याच पक्षकारांनी सह्या करून नोंदवायचा, मूळ दस्ताचा क्रमांक आणि तारीख देऊन, काय लिहिले होते आणि काय वाचावे हे दोन्ही सांगून. नावातले अक्षर किंवा दिशा सुधारायची असेल तर खर्च किरकोळ येतो. पण दुरुस्तीच्या नावाखाली सहा आरांचे साठ आर होत असतील तर ती नवी विक्री नव्हे ना, हा प्रश्न निघतो आणि फरकाच्या मुद्रांक शुल्काची मागणी होऊ शकते. दरम्यान विकणारा वारला असेल तर त्याच्या सर्व वारसांच्या सह्या हव्यात, आणि त्यांतला एकजण अडून बसला तर दिवाणी न्यायालय. १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम २६ दस्त दुरुस्त करून घेण्याची मुभा देते, पण त्यासाठी दोन्ही बाजूंचा खरा हेतू वेगळा होता आणि परस्पर चुकीने किंवा फसवणुकीने तो कागदावर उतरला नाही, हे सिद्ध करावे लागते. मधल्या काळात कोणी तिसऱ्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून ती जमीन घेतली असेल तर त्याच्या हक्काला धक्का लावता येत नाही.

टिपणीचा शेवट बहुधा तपासणाऱ्याच्या मर्यादेवर येतो. मसुद्यात विसंगती दिसली तर तिच्यापुढे पेन्सिलीने खूण करायची आणि समासात प्रश्न लिहायचा: ‘सातबारावर १.६२.००, फेरफारात १.६०.००, कोणते धरायचे?’ उत्तर वकील देतो, किंवा पक्षकाराला विचारून देतो. तपासणाऱ्याने दोहोंतला एक आकडा स्वतःच्या समजुतीने निवडायचा नाही, दिसायला कितीही उघड असला तरी. प्रश्न लिहिलेला मसुदा, मिळालेले उत्तर आणि ते कोणत्या कागदावरून मिळाले त्याची नक्कल, तिन्ही एकत्र टाचून दस्ताच्या फाइलमध्ये ठेवायची.